सेल्फ-ड्राइव्ह गाडीचं डिपॉझिट: कंपनी किती कापू शकते आणि कशाच्या जोरावर?

आडवाटकर:
तीन दिवसांसाठी सेल्फ-ड्राइव्ह गाडी घेतली होती. मागच्या बंपरवर ओरखडा पडला. तो माझ्या ताब्यात असतानाच पडला, त्याबद्दल वाद नाही. डिपॉझिट १०,००० होतं. आता कंपनीचा हिशेब आलाय: नवा बंपर ७,०००, रंग ३,०००, मजुरी १,०००, 'गाडी उभी राहिली' म्हणून तीन दिवसांचे ४,५००, वेगमर्यादेचं चलान २,००० आणि त्यावर प्रोसेसिंग फी ५००. एकूण १८,०००. डिपॉझिट वळतं करून वर आणखी ८,००० मागतायत. करारात 'नुकसानीबाबत कंपनीचा निर्णय अंतिम' असं लिहिलंय. हे सगळं भरावंच लागेल का?

टॉपगिअर:
सही केलीत ना? मग भरा. ॲपवर 'मान्य' दाबताना कुणी वाचत नाही आणि नंतर कायदा आठवतो. करार म्हणजे करार. गाडी दुसऱ्याची, ओरखडा तुमचा.

नाना_के:
चलान ड्रायव्हरच्या नावावर टाकायला सांगा. मागे आम्ही लग्नाला गाडी केली होती तेव्हा ड्रायव्हरने सिग्नल तोडला, आम्ही एक पैसा दिला नाही.

आडवाटकर:
नाना, सेल्फ-ड्राइव्ह आहे. ड्रायव्हर मीच.

दफ्तरी:
टॉपगिअर, सही केली म्हणजे जबाबदारी आली, इथपर्यंत बरोबर. पण किती रकमेची, हे सहीने ठरत नाही.

करार कायद्याचं कलम ७४ पाहा. करार मोडल्याबद्दल ठरलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई, त्या मर्यादेच्या आत. डिपॉझिट आपोआप जप्त होत नाही. यावरचा जुना खटला म्हणजे मौला बक्ष विरुद्ध भारत सरकार, १९६९. लष्कराला बटाटे पुरवायचा ठेका होता आणि अनामत, योगायोग बघा, १०,००० रुपयेच. दुसरा ठेका कोंबड्या, अंडी आणि मासळीचा, त्याची अनामत ८,५००. पुरवठा झाला नाही म्हणून सरकारने दोन्ही जप्त केल्या. सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, माल दुसरीकडून काय भावाने घेतला, नुकसान किती झालं, ते सिद्ध करणं शक्य होतं, मग केलं का नाही? जप्ती टिकली नाही. २०१५ मध्ये कैलाश नाथ विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात हेच आणखी स्पष्ट झालं: नुकसानच झालं नसेल तर कलम ७४ खाली भरपाई नाही.

बंपरचं नुकसान मोजता येतं. गॅरेजचं बिल असतं. तेव्हा पहिली मागणी लेखी करा: बिल, गाडी गॅरेजमध्ये गेली आणि बाहेर आली त्या तारखा, बदललेल्या बंपरचे फोटो. 'निर्णय अंतिम' या वाक्याने बिल दाखवायची जबाबदारी संपत नाही.

कलमबहाद्दर:
मुळात भाड्याने घेतलेली वस्तू म्हणजे करार कायद्यातला निक्षेप, म्हणजे दुसऱ्याची वस्तू काही कामापुरती ताब्यात घेऊन परत करायची. कलम १५१ प्रमाणे सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली की झालं. पार्किंगमध्ये कुणीतरी ठोकून गेलं असेल तर ग्राहक एक रुपयाही देणं लागत नाही. सरळ नकार द्या.

दफ्तरी:
कलम १५१ वर थांबलात. पुढचंच कलम १५२ 'विशेष करार नसेल तर' अशी सूट ठेवतं, आणि भाड्याच्या गाडीच्या करारात तो विशेष करार बहुधा असतोच: चूक कुणाचीही असो, ठरावीक रकमेपर्यंत भाडेकरूने भरायचं. शिवाय काळजी घेतली हे दाखवायचं ओझं ज्याच्या ताब्यात वस्तू होती त्याच्यावर येतं. इथे आडवाटकर स्वतःच ओरखडा मान्य करतायत, त्यामुळे सरळ नकार टिकणार नाही.

किल्लीवाला:
मी हाच धंदा करतो, गाड्या थोड्याच आहेत, म्हणून दुसरी बाजू. ग्राहकाला ओरखडा दिसतो, मला पुढचा ग्राहक दिसतो, जो 'ही गाडी ठोकलेली आहे' म्हणून बुकिंग रद्द करतो. विम्याचा दावा करा म्हणतात सगळे. केला तर नूतनीकरणाच्या वेळी नो क्लेम बोनस जातो आणि प्लास्टिकच्या भागावर विमा कंपनी ५० टक्के घसारा कापते. म्हणजे ७,०००च्या बंपरचे मला ३,५०० मिळणार, त्यातूनही सक्तीची वजावट जाणार. एवढ्यासाठी बोनस कोण घालवेल? आणि उभ्या गाडीचा हप्ता काही उभा राहत नाही.

दफ्तरी:
तुमची अडचण खरी आहे, पण तुम्हीच कळीचा आकडा दिलात. जुन्या बंपरची किंमत विमा कंपनी अर्धी धरते. मग ग्राहकाकडून नव्याची पूर्ण किंमत घेऊन गाडीला जुन्याऐवजी नवा बंपर लावला तर मालकाचा फायदा झाला. हे दर विमा कंपनी आणि मालक यांच्यातले, ग्राहकाला आपोआप लागू होत नाहीत. पण वाजवी रक्कम ठरवताना दाखवायला चांगले आहेत.

आणखी एक. ओरखड्याला बंपर बदलतात की फक्त रंगवतात? रंगवला असेल तर ७,०००चा आकडा हिशेबातून जातो आणि रंग ३,०००, मजुरी १,००० एवढंच उरतं. खरंच बदलला असेल आणि अर्धी किंमत धरली तर ३,५०० अधिक ३,००० अधिक १,००० म्हणजे ७,५००. दोन्ही प्रकारे रक्कम डिपॉझिटच्या आत बसते आणि काही परत यायला हवी. मालकाने विम्याचा दावाही केला असेल तर एकाच बंपरची भरपाई दोनदा होणार नाही, तेही विचारून घ्या.

किल्लीवाला:
अर्धा बंपर बाजारात मिळत नाही, साहेब. मला पूर्णच विकत घ्यावा लागतो.

दफ्तरी:
मान्य, आणि ग्राहक आयोगात तुमच्या बाजूने हाच युक्तिवाद होतो. कधी चालतो, कधी नाही.

मुक्ता_स:
थोडं वेगळं, पण माझ्या बाबतीत घडलेलं. ओळखीतून एकाची पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी 'भाड्याने' घेतली होती. मागून दुचाकीने धडक दिली. विमा कंपनीने मालकाचा दावा फेटाळला, कारण खाजगी वापराच्या पॉलिसीत भाड्याने देणं बसत नाही. मग मालक माझ्या मागे लागला. गाडीच बेकायदा दिलेली असेल तर करार तरी लागू होतो का?

दफ्तरी:
म्हणूनच प्लेट आधी बघायची. सेल्फ-ड्राइव्ह भाड्याच्या गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात, परवाना आणि विमा त्यानुसार. पांढऱ्या प्लेटवर भाडं घेणाऱ्या मालकाची बाजू कमजोर असते. पण तुमची चूक असेल तर नुकसानीची जबाबदारी पूर्ण जाते असंही नाही. तुम्हाला मागून धडक बसली, तेव्हा आधी त्या दुचाकीच्या थर्ड पार्टी विम्याकडे पाहायला हवं होतं.

टॉपगिअर:
बंपरचं ठीक. चलान तरी आडवाटकरांनीच भरायचं ना? गाडी तेच चालवत होते.

दफ्तरी:
वेगाचा गुन्हा चालवणाऱ्याचा. पण कॅमेऱ्याला नंबर दिसतो, म्हणून चलान नोंदणीकृत मालकाला जातं. पोलिसांनी विचारलं तर चालक कोण होता, त्याचं नाव, पत्ता आणि परवाना सांगणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे मालकाचं कर्तव्य आहे. बहुतेक कंपन्या तो खटाटोप न करता आधी दंड भरतात आणि मग तुमच्याकडून वसूल करतात. यात तुमचं नुकसान असं की चलान चुकीचं असेल तर आव्हान द्यायची संधीच गेलेली असते.

आडवाटकर, हलक्या गाडीला वेगाचा दंड कायद्यात १,००० ते २,००० आहे, त्यामुळे आकडा विचित्र नाही. पण चलान क्रमांक मागा आणि त्यावरची तारीख, वेळ, ठिकाण, फोटो तपासा. गाडी परत दिल्याची वेळ ॲपवर आहे का?

आडवाटकर:
आत्ता मागवलं. चलानावर परतीच्या दिवशी संध्याकाळी ७:४० आहे. मी गाडी ६:०५ ला दिली. त्यांच्या माणसाने ओटीपी टाकला तेव्हाचा संदेश माझ्याकडे आहे!

टॉपगिअर:
हं. मग त्यांचाच माणूस गाडी पळवत होता.

किल्लीवाला:
हे चूकच. असं होतं, गाडी धुवायला किंवा यार्डात नेताना पोरं जोरात घेतात आणि ऑफिस फक्त बुकिंगची तारीख बघतं. माझ्या करारात आता परतीची मिनिटंही लिहितो. पण ज्यांनी चावी डब्यात टाकून गाडी सोडली आणि ओटीपी नाही, ते काय सिद्ध करणार?

दफ्तरी:
फोटो. किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा दिसेल असा, चावी टाकायच्या आधी. फास्टॅगच्या टोल नोंदीही कामी येतात, पण गाडीचा फास्टॅग कंपनीचा असतो, म्हणून त्या नोंदी लेखी मागाव्या लागतात.

प्रोसेसिंग फी करारात स्पष्ट नसेल तर नाकारा. आणि चलानच तुमचं नाही तर त्यावरची फी कुठून येणार?

कलमबहाद्दर:
मग थेट ग्राहक आयोगात जा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'अनुचित करार' आहे ना! अवाजवी अनामत आणि नुकसानीच्या मानाने अतिरेकी दंड दोन्ही त्यात येतात.

दफ्तरी:
या वेळी बरोबर, पण एक अडचण. करारच अनुचित ठरवून घ्यायचा असेल तर जिल्हा आयोगात नाही, राज्य आयोगात जावं लागतं. पैसे चुकीचे कापले, सेवेत त्रुटी आहे एवढंच म्हणायचं असेल तर जिल्हा आयोग पुरतो आणि आपण राहतो तिथेच तक्रार करता येते. भाडं पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीचं शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंदवून बघा, काही कंपन्या तिथेच नमतात.

आडवाटकर:
कंपनीचं उत्तर आलं. चलान आणि त्याची फी मागे घेतली. बंपर 'बदलला' म्हणतात पण बिलात फक्त रंगकाम आणि मजुरी लिहिलीये, मिळून ४,०००. उभ्या गाडीच्या ४,५००वर मात्र ठाम आहेत.

दफ्तरी:
बिलात बंपरच नाही म्हणजे ७,००० गेले. उरले तीन दिवसांचे ४,५००. त्या दिवसांत ते गाडी भाड्याला देऊ शकत नव्हते, हे त्यांनी दाखवायचं. गॅरेजच्या तारखा मागा, आणि त्या दिवसांत तीच गाडी ॲपवर कुणी बुक केल्याची नोंद आहे का तेही विचारा.

किल्लीवाला:
मोठी कंपनी आहे, त्या दिवशी दुसरी गाडी दिली असेल आणि ग्राहक गेलाच नसेल. मग नुकसान झालं की नाही? माझ्यासारख्याची एक गाडी उभी राहिली तर नक्की होतं. त्यांच्या बाबतीत वाद आहे.

कलमबहाद्दर:
वाद कसला? गाडी मोकळी होती, म्हणजे शून्य.

किल्लीवाला:
तुम्ही कधी गाडी भाड्याने दिलेली दिसत नाही.

आडवाटकर:
तारखा आणि नोंद दोन्ही मागितल्या आहेत. ४,००० मान्य, बाकीचे ६,००० परत करा असं लिहून टाकलं.