वाकड की कोथरूड? दोघंही हटून बसलोय, मदत हवी आहे

वैतागलेली_भाडेकरू
फ्लॅटचा अकरा महिन्यांचा करार महिनाअखेरीस संपतोय. माझं ऑफिस हिंजवडी फेज थ्रीला. कोथरूडहून जाऊन-येऊन रोजचे तीन तास जातात, म्हणून मला वाकड हवंय. नवरा कोथरूड सोडायला तयार नाही; सासू-सासरे दोन गल्ल्या पलीकडे, सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय. बाणेर बघितलं, भाडं झेपणारं नाही. त्याने गुण देऊन एक्सेल केली, त्यात कोथरूड जिंकलं, कारण 'आईबाबा जवळ'ला त्याने शंभरातले 40 ठेवले होते. मी 25 केले, तर वाकड जिंकलं. आता भांडण त्या 40 वर आलंय.

पेठी_पुणेकर
नाणं उडवा. दोघांना सारखी संधी, आणखी काय न्याय हवा?

सुहासकाका
वाकडला वन बीएचके बघताय की टू? ओळखीत एक आहे.

वैतागलेली_भाडेकरू
काका, प्रश्न तो नाहीये हो :)

मुळाकाठची
आम्ही पाळी लावली होती. आधी त्याच्या ऑफिसजवळ, मग माझ्या. तोवर मुलगी शाळेत गेली. माझी पाळी अजून यायचीय.

गणिती_आजोबा
नाण्याला कुणाची गरज किती मोठी ते कळत नाही. क्नास्टर नावाच्या पोलिश गणितज्ञाची वारशाच्या वाटणीसाठी काढलेली एक रीत आहे, ती इथे चालेल. 'माझं ऐकलं गेलं तर माझ्यासाठी ते आठवड्याला किती तासांच्या घरकामाइतकं मोलाचं?' हा आकडा दोघांनी एकमेकांना न दाखवता चिठ्ठीवर लिहायचा. मोठा आकडा जिंकतो, पण दोन्ही आकड्यांच्या बेरजेचा चौथा हिस्सा तो दुसऱ्याला देतो. समजा 10 आणि 6. जिंकणाऱ्याने दुसऱ्याचं चार तासांचं काम उचलायचं. त्याच्याकडे सहा उरतात, दुसऱ्याला चार मिळतात. म्हणजे दोघांनाही आपापल्या आकड्याच्या निम्म्याहून जास्त. पैशांत लिहू नका, घरखर्च एकत्र असेल तर या खिशातून त्या खिशात. आणि मूल हवं की नको असल्या प्रश्नाला ही रीत लावू नका.

पेठी_पुणेकर
मग मी 50 लिहीन!

गणिती_आजोबा
लिहा की. समोरच्याने 6 लिहिले तर आठवड्याला चौदा तास भांडी घासाल.

वैतागलेली_भाडेकरू
काल रात्री केलं. चिठ्ठ्या वाटीखाली ठेवल्या. मी 8, त्याने 12. मी हरले, पण माझे पाच तास त्याच्या अंगावर आले: सकाळच्या पोळ्या आणि दोघांचे डबे. आज पहिली पोळी लाटली, पापडासारखी कडक. मुकाट्याने खाल्ली. त्याने 12 फुगवून लिहिले असा संशय आहे. आजोबा, तो टूरवर गेला की त्या आठवड्याचे तास बुडतात की पुढे जमा होतात?

गणिती_आजोबा
हे चिठ्ठ्या उघडण्याआधी ठरवायचं होतं.

मुळाकाठची
जमा! लेखी घे.