मदत हवी आहे: मुळाक्षरांच्या व्हिडिओत बदक गाण्याच्या ठोक्यावर डुबकी मारत नाही

सायली_ना
माझी भाची अडीच वर्षांची आहे, तिच्यासाठी मुळाक्षरांचा व्हिडिओ करतेय. प पतंग, फ फणस, ब बदक, भ भोपळा, म मगर. प्रत्येक चित्राची एकच हालचाल, तीच आठ वेळा. पतंग ठोक्यावर बरोबर गोता खातो, पण बदकाच्या वेळी सगळं उलटं, ठोका पडतो तेव्हा चोच वर. मगर मात्र पुन्हा ठीक वाटते! गाणं तीनदा नव्याने टाकून पाहिलं. शनिवारी तिचा वाढदिवस आहे, लवकर सांगा.

पारंब्या
गाणं mp3 आहे का? असेल तर तेच कारण. wav टाका. मला हाच त्रास झाला होता.

सायली_ना
टाकलं wav. काही फरक नाही.

कुंचला
mp3 मुळे आवाज किंचित उशिरा सुरू होऊ शकतो, पण तो उशीर शेवटपर्यंत तेवढाच राहतो. इथे पतंग बरोबर आणि बदक चुकीचं आहे, म्हणजे फरक वाढत चाललाय. कशात करताय, सेकंदाला किती फ्रेम, गाण्याची लय किती आणि एक डुबकी किती फ्रेमची?

सायली_ना
ब्लेंडर. फ्रेमचं काही बदललं नाही, जे होतं तेच. डुबकी १४ फ्रेमची. गाणं मैत्रिणीने मेट्रोनोम लावून म्हटलंय, १०० वर.

आजोळ
लेकी, एवढ्या लहान मुलीला स्क्रीन कशाला? जागतिक आरोग्य संघटनेनेच २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त नको, कमी तेवढं चांगलं. आमच्या नातीला पाटीवर रांगोळीत बोट फिरवून अक्षरं आली.

सायली_ना
आजोबा, व्हिडिओ दोन मिनिटांचासुद्धा नाही.

कुंचला
सापडलं. ब्लेंडर आपोआप २४ फ्रेम घेतो. १०० च्या लयीत एक ठोका ०.६ सेकंदाचा, म्हणजे १४.४ फ्रेम. तुमची डुबकी १४ ची, त्यामुळे दर ठोक्याला चित्र ०.४ फ्रेम पुढे पळतं. आठ ठोक्यांचं एक अक्षर, म्हणजे अक्षरामागे ३.२ फ्रेम. प आणि फ झाल्यावर ६.४ फ्रेम होतात, जवळपास अर्धी डुबकी, म्हणून चोच नेमकी उलटी. म पर्यंत १२.८ होतात, जवळजवळ पूर्ण फेरी, म्हणून मगर ठीक वाटते. पण नीट बघा, 'म' ऐकू येण्याआधी साधारण अर्धा सेकंद मगर पडद्यावर आलेली असेल.

सायली_ना
हो!! मगर आधी येते. मला वाटलं, माझं मोजायचं चुकलं.

कुंचला
सेकंदाला २५ फ्रेम करा. मग ठोका बरोबर १५ फ्रेमचा होतो आणि एक अक्षर १२० चं. नुसता आकडा बदलून भागणार नाही, काढलेली चित्रं १४ फ्रेमचीच राहतील. चोच वर असते तिथे एक फ्रेम जास्त थांबवा. शेवटी पहिलंच चित्र पुन्हा जोडू नका, दर फेरीला उचकी लागल्यासारखं दिसेल.

पारंब्या
त्यापेक्षा गाणं ९० वर नेऊन २४ च ठेवा, ठोका १६ फ्रेमचा होतो.

कुंचला
हिशेब बरोबर आहे, पण गाणं पुन्हा म्हणावं लागेल. म्हटलेलं ताणलं तर आवाज ओढल्यासारखा येतो.

मावळतीकर
लयीचं राहू द्या, भ ला भोपळा का? मूल 'भो' ऐकतं आणि समोर 'भ' बघतं. भ भजी घ्या, कढईत फुगताना दाखवा.

आजोळ
भोपळा सगळ्या पोरांना माहीत. टुणुक टुणुक!

मावळतीकर
माहीत असणं पुरत नाही, सुरुवातीचा आवाज नेमका हवा. पुढे च ला याल तेव्हाही बघा. चमचा आणि चंद्र यांतले च वेगळे आहेत, दोन्ही एका गाण्यात घेतले तर मुलाने कोणता धरायचा?

पारंब्या
आणि ण, ळ? त्यांनी सुरू होणारा शब्दच नाही. आमच्या वेळी बाण आणि बाळ होते, आम्ही शिकलोच की.

मावळतीकर
म्हणून तिथे हालचाल शब्दाच्या शेवटी हवी. 'बा' म्हणताना धनुष्य ताणलेलं, 'ण' वर बाण लक्ष्यात.

सायली_ना
२५ वर केलं, बदक ठोक्यावर डुबकी मारतंय! पण भाचीला दाखवलं तर ती नुसतं बदकच बघते. कागदावर ब लिहून विचारलं तर गप्प.

कुंचला
जे हलतं त्याकडे नजर जाते. पहिले दोन ठोके बदक आणूच नका, एकटा ब उडू दे. मग ब स्थिर आणि बदक सुरू.

मावळतीकर
मला उलट वाटतं. ब आणि बदक एकत्र डुबकी मारू देत, नाहीतर अक्षराचं चित्राशी नातं कसं लागणार?

सायली_ना
दोन्ही करून बघते. भोपळ्याचं काय करू? काढून झालाय, पिवळा रंगसुद्धा भरलाय.