मदत हवी आहे: साड्यांच्या पेजवरच्या फोटोंतला चेहरा कसा जपावा?

माझी धाकटी बहीण घरून साड्या विकते आणि फोटोत स्वतःच नेसून उभी राहते. त्यामुळे इन्स्टाग्रामवरचं पेज सार्वजनिक ठेवावंच लागतं. हे फोटो उचलून, एआयला संदर्भ म्हणून देऊन कुणी तिचे खोटे फोटो बनवू नयेत, एवढंच हवंय.

तिच्या खाजगी फेसबुकवर Limit Past Posts वापरून जुन्या पोस्ट मित्रांपुरत्या केल्या. कव्हर फोटो मात्र सगळ्यांना दिसतोच, म्हणून तिथे पैठणीचा पदर लावला.

आता पेजचं. फोटो १०८० पिक्सेलपर्यंत लहान केले, पण पदराच्या क्लोजअपमध्ये चेहरा तेवढाच मोठा येतो, आणि एआयला ५१२ पिक्सेलचा चेहराही पुरतो. अजून लहान केले तर जरीचं काम दिसत नाही, मग गिऱ्हाईक कशाला थांबेल?

एआयला चकवायला फोटोवर न दिसणारा थर चढवणारी साधनंही पाहिली. ग्लेझ चित्रकारांच्या शैलीसाठी आहे, चेहऱ्यासाठी नाही. फॉक्स २०२० चं, तेही चेहरा ओळखणाऱ्या प्रणालींना चकवायला. फोटोगार्ड एआयने फोटोत फेरफार करू नये म्हणून आहे, म्हणजे आमच्या कामाच्या जवळचं. पण इन्स्टाग्राम फोटो पुन्हा दाबून लहान करतं, त्यात हा थर टिकतो का? अपलोड केलेला फोटो परत उतरवून कुणी तपासलंय का? की सरळ हनुवटीखालूनच फोटो काढावेत?