सल्ला हवा: १०० केव्हीए ट्रान्सफॉर्मरचा फुल लोड करंट काढायची खात्रीची पद्धत

नवा_वायरमन
आयटीआय इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरांनी १०० केव्हीए, ११०००/४३३ व्होल्ट, थ्री फेज ट्रान्सफॉर्मरचे दोन्ही बाजूंचे करंट काढायला सांगितले. मी १,००,००० ला ४३३ ने भागलं, आले २३१ अँपिअर. ११००० ने भागलं, ९.०९ आले. पडताळा घेतला तर २३१ भागिले ९.०९ म्हणजे २५.४, आणि ११००० भागिले ४३३ पण २५.४! पण नेमप्लेटवर १३३.३ आणि ५.२५ लिहिलंय. प्लेट चुकीची की मी? आणि पॉवर फॅक्टर ०.८ कुठे घालायचा?

फेज_टू_फेज
√३ राहिला तुझा. सोपं सांगतो: एका फेजला २३० व्होल्ट, फेज तीन. १,००,००० ला ६९० ने भाग. १४५ अँपिअर. झालं.

नवा_वायरमन
पण सर, प्लेटवर १३३ आहे, १४५ नाही.

फेज_टू_फेज
थोडा फरक चालतो रे, फिल्डवर कोण बघतं.

जुना_टेस्टर
नऊ टक्के फरक थोडा नाही. १४५ धरून एलटी बाजूचा ब्रेकर सेट केला तर वाइंडिंग तासन् तास जास्त तापत राहील आणि ब्रेकर हलणारसुद्धा नाही. तीन फेजमध्ये वाटून काढायची रीत बरोबर आहे, २३० तेवढा चुकला. लाइनचे ४३३ म्हणजे फेजचे २५०. शंभराचा तिसरा हिस्सा ३३.३ केव्हीए, त्याला २५० ने भाग, १३३ येतात. सूत्राने तेच:

```
I = kVA × 1000 / (1.732 × V)
LT: 100000 / (1.732 × 433)   = 133.3 A
HT: 100000 / (1.732 × 11000) = 5.25 A
```

V म्हणजे त्या-त्या बाजूचा लाइन व्होल्टेज, प्लेटवर असेल तोच.

आता तुझा पडताळा. तू दोन्हीकडे √३ विसरलास, म्हणून गुणोत्तर जुळलं. दोन्ही उत्तरं सारख्याच पटीने फुगली की गुणोत्तराला पत्ता लागत नाही. एका बाजूला चुकलं असतं तर लगेच कळलं असतं. म्हणून गुणोत्तरासोबत वर केला तसा एका फेजचा हिशोबही करून बघ, √३ राहिला असेल तर तो तिथे सापडतो.

पॉवर फॅक्टर इथे नाही. तो केव्हीएमधून किलोवॉट काढताना लागतो. वाइंडिंग करंटने तापतं, म्हणून रेटिंग केव्हीएत देतात.

नवा_वायरमन
मग घरी २३०-२४० मिळतात तर प्लेटवर ४३३ का?

जुना_टेस्टर
तो बिनलोडचा आकडा आहे. लोड आला की ट्रान्सफॉर्मरच्या आतच थोडे व्होल्ट पडतात, पुढे लाइनमध्ये आणखी. म्हणून काही जण ४१५ धरतात आणि १३९ काढतात. वाइंडिंग १३३ साठीच बनवलंय, व्होल्टेज उतरला म्हणून त्याची तार जाड होत नाही.

फेज_टू_फेज
आमच्याकडे १३९ च धरतात, कधी काही झालं नाही. परीक्षेत ४१५ दिले तर काय करणार?

जुना_टेस्टर
परीक्षेत दिले ते घ्या की. मी प्लेटचं बोलतोय.

पुणेकर_२२केव्ही
आमच्या भागात एचटी २२ केव्ही आहे. इथल्या १०० केव्हीएला एचटीला २.६२ च येतात, एलटीला मात्र तेच १३३. ५.२५ पाठ करून इकडे आलात तर फसाल.

बागायतदार
भाऊ, आमची डीपी ६३ ची, ११ केव्हीवर. सारखी फ्यूज जाते. वायरमनने क्लॅम्प मीटर लावला तर आर ला ९८, वाय ला ७१, बी ला ८० आले. तो म्हणाला, सरासरी ८३, डीपीत बसतंय. मग फ्यूज का जाते? वाढीव डीपी मागू का?

जुना_टेस्टर
६३ केव्हीएचे एलटी बाजूला ८४ अँपिअर. सरासरी बसते, पण आर फेज १६-१७ टक्के वर आहे, आणि सरासरीने फ्यूज थांबत नाही, ज्याचा त्याचा फेज बघावा लागतो. फक्त थ्री फेज पंप असते तर तिन्ही आकडे जवळपास असते. सिंगल फेजची घरं आर वर जास्त आहेत का, किंवा कोणी कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर चालवतंय का? आधी ते शोधा. लोड वाटला तर नवी डीपी लागणारही नाही. पण सगळे पंप चालू असताना मोजलंय का, तेही बघा.

बागायतदार
सगळे नव्हते. रात्रीची लाइन होती, निम्मे पंप बंद.

जुना_टेस्टर
मग लोड वाटूनही भागेल असं सांगता येत नाही. सगळे चालू असताना परत मोजून घ्या. वायरमनकडून, स्वतः डीपीवर चढू नका.

नवा_वायरमन
सर, एचटीचे ५.२५ पण क्लॅम्पने बघता येतील का? आणि एचटी वाइंडिंग डेल्टा आहे, म्हणजे वाइंडिंगमध्ये ५.२५ च जातात?

जुना_टेस्टर
नाही रे बाबा, ११ केव्हीच्या उघड्या तारेला साधा क्लॅम्प लावायचा नसतो. एलटीला मोजायचं आणि २५.४ ने भागायचं. लोड अगदीच कमी असेल तर हेही नीट जुळत नाही, कारण रिकामा ट्रान्सफॉर्मरसुद्धा एचटीकडून थोडा करंट घेतच असतो. डेल्टाचं उत्तर तू काढ, ५.२५ ला कशाने भागायचं ते तुला आता माहीत आहे.

नवा_वायरमन
३.०३?