मदत हवी आहे: शेकडेवारीच्या एकाच गणिताला दोन उत्तरं

सातवीच्या सरावपत्रिकेत गणित होतं: एका संख्येत २५% वाढ केल्यावर ६०० मिळतात, तर मूळ संख्या कोणती? अर्ध्या वर्गाचं उत्तर ४८०, बाकीच्यांचं ४५०. ४५० वाल्यांनी ६०० चेच २५%, म्हणजे १५०, वजा केले. वाढ मात्र मूळ संख्येवर होती: मूळ १०० तर नवी १२५, म्हणून ६०० × १०० ÷ १२५ = ४८०. ताळा करून घेतला, ४५० मध्ये २५% मिळवल्यावर ५६२.५ च येतात, तेव्हा मुलं गप्प झाली. पण "२५% वाढवलं तर २५% नेच कमी करायचं ना?" हा प्रश्न काही सुटला नाही. (४८० वर परतायला घट २०% लागते, हे त्यांना फसवणूकच वाटते!) "कशाचे टक्के?" असा रकाना आधी भरून घ्यावा, की ताळ्याचा? तुम्ही पत्रिका कशी मांडता?