मदत हवी आहे: महिन्याच्या पगारावरून तासाचा दर कसा काढायचा?

सायली कोथरूड

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका खासगी फर्ममध्ये अकाउंट्स असिस्टंट आहे. फर्ममध्ये चाळीसेक माणसं आहेत. वेळ सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते साडेसहा, मध्ये अर्धा तास जेवण. प्रत्यक्षात निघायला आठ वाजतात, आणि जीएसटीच्या ११ आणि २० तारखा जवळ आल्या की त्याहून उशीर. जास्तीच्या वेळेचे पैसे मिळत नाहीत.

स्लिपवर ग्रॉस ३१,२०० (बेसिक १५,६००). पीएफ १,८०० आणि प्रोफेशन टॅक्स २०० कापून हातात २९,२०० येतात. ऑफर लेटरवर सीटीसी ४,०५,००० लिहिलं होतं.

आता दुसऱ्या ठिकाणाहून २८,००० ग्रॉसची ऑफर आली आहे. आठवड्याला पाच दिवस, साडेनऊ ते साडेसहा, जेवणाचा अर्धा तास धरून. तिथे एक मैत्रीण आहे, ती वेळेवर निघते हे मी स्वतः पाहिलं आहे. घरचे म्हणतात, तीन हजार कमी घेऊन कशाला जातेस? मला तासाचा दर काढून दोन्ही नोकऱ्या शेजारी ठेवायच्या आहेत. पण कोणता आकडा घ्यायचा आणि कशाने भागायचं? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

विश्वास के

सोपं आहे. ३१,२०० भागिले ३०, म्हणजे दिवसाचे १,०४०. त्याला ८ ने भागा, तासाचे १३०. आमच्याकडे बिनपगारी रजा याच हिशोबाने कापतात.

हिशेबनीस

विश्वासराव, रजा कापायला ३० चालतं, बऱ्याच कंपन्या तसंच करतात. पण त्यापुढे ८ ने भागलंत की सायलीताई रविवारीही आठ तास काम करतात असा अर्थ होतो. ३० ने भागायचं तर दिवसाचे तासही तीस दिवसांत वाटून घ्यावे लागतील. त्यांच्या आठवड्याला सहा दिवस, म्हणजे महिन्याला साधारण २६. ग्रॅच्युइटीच्या कायद्यातही दिवसाचा पगार २६ नेच काढतात. २६ गुणिले ८ म्हणजे २०८ तास. ३१,२०० भागिले २०८, बरोबर १५० रुपये. हा तुमचा कागदावरचा दर.

आकडा ग्रॉसचा घ्या. हातात येणारा नको, कारण कापलेला पीएफ तुमच्याच खात्यात जातो. सीटीसीही नको. महिन्याच्या ३३,७५० मध्ये मालकाच्या वाट्याचे पीएफचे १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे ७५० धरले आहेत, आणि ती ग्रॅच्युइटी पाच वर्षांच्या आत सोडलंत तर सहसा हाती लागत नाही.

आता जास्तीचा वेळ. रोज सरासरी दीड तास, आणि सण-रजा वगळून महिन्याला २४ दिवस धरले तर ३६ तास होतात. इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. फर्मला फुकट किती मिळालं? ३६ गुणिले १५०, म्हणजे ५,४००. आणि तुमचा खरा दर किती पडला? ३१,२०० भागिले २४४, म्हणजे साधारण १२८. ही एकाच गोष्टीची दोन मापं आहेत. १२८ चा दर धरून वर पुन्हा ५,४०० चं नुकसान मोजू नका, तोच वेळ दोनदा धरला जातो.

चाकणकर

अहो, ओटी डबल रेटने मिळते! आमच्या प्लांटला मिळते. ३६ गुणिले ३००, म्हणजे १०,८००. सरळ एचआरला मागा, सोडू नका.

हिशेबनीस

चाकणकर, तुमचा प्लांट फॅक्टऱ्यांच्या कायद्याखाली येतो, ताईंचं ऑफिस नाही. त्यांना २०१७ चा महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा लागतो. दुप्पट दर मात्र त्यातही आहे. आठवड्याला ४८ तासांच्या वरचं काम ओव्हरटाइम धरतात आणि ताईंचे ४८ नेहमीच्या वेळेतच भरतात. त्यामुळे सहाही दिवस भरलेल्या आठवड्यात वरचा सगळा वेळ त्यात यायला हवा. अडचण हुद्द्याची. व्यवस्थापकीय पदांना हा नियम लागू नाही. म्हणून काही फर्म साध्या कामालाही ‘एक्झिक्युटिव्ह’ म्हणतात. पाहिलं जातं ते प्रत्यक्ष काम, पण ते भांडून सिद्ध करावं लागतं. म्हणून नोकऱ्यांच्या तुलनेत मी दुप्पट दर धरणार नाही. ते पैसे त्यांच्या हाती आलेले नाहीत.

राईन काठचा

मी सध्या स्टुटगार्टला आहे. इकडे वापरतात ते सूत्र देतो: महिन्याचा पगार गुणिले ३, भागिले १३, भागिले आठवड्याचे तास. तीन महिन्यांत १३ आठवडे, म्हणून. ३१,२०० गुणिले ३ म्हणजे ९३,६००. भागिले १३, ७,२००. भागिले ४८, पुन्हा १५०. पाच दिवसांच्या नोकरीत २६ चालणार नाही, तिथे हे सूत्र कामाचं. नव्या जागी रोज साडेआठ तास, आठवड्याचे साडेबेचाळीस. २८,००० चा दर १५२ येतो.

माझ्या करारात मात्र लिहिलंय की जादा तास पगारातच आले. किती तास, ते लिहिलेलं नाही. असं कलम इकडे टिकतं का, कुणाला माहीत आहे?

सायली कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे इथे १२८ आणि तिथे १५२. दोन शंका राहिल्या. पुष्कळदा माझं काम सातला संपलेलं असतं, पण साहेब निघेपर्यंत निघता येत नाही. तो वेळ धरू का? आणि दीड तास हा माझा अंदाज आहे, नक्की कसं मोजू?

हिशेबनीस

बसून राहणं तुमच्या मर्जीचं नसेल तर धरा. घरी जायची मुभा असून गप्पा मारत थांबलात, तो वेळ वगळा.

मोजायला किमान एक पूर्ण महिना घ्या, ११ आणि २० दोन्ही तारखा त्यात यायला हव्यात. नुसते त्या तारखांचे दिवस घेतले तर आकडा फुगतो. आल्याची वेळ A मध्ये, निघाल्याची B मध्ये:

```
=(B2-A2)*24-8.5
```

आठ तास काम आणि अर्धा तास जेवण वजा होऊन जादा तास येतात. जेवण टेबलावरच काम करता करता उरकलं असेल तर त्या दिवशी ८ वजा करा. शीटमध्ये वेळ हा दिवसाचा अंश असतो, म्हणून २४ ने गुणणं विसरू नका, आणि उत्तराचा रकाना संख्या म्हणून ठेवा. हाताने लिहाल तर दीड तास १.३० असा लिहू नका, १.५ लिहा. महिन्याच्या बेरजेत याच चुकीने कित्येक तास गळतात.

आणि नव्या जागी पीएफ आहे का ते विचारा. नसेल तर इथल्या दरात मालकाचे १,८०० मिळवा: ३३,००० भागिले २४४, म्हणजे १३५. तरीही १५२ पुढेच आहे.

विश्वास के

जाण्यायेण्याचा वेळ का नाही धरत? नवी जागा लांब असेल तर रोजचा तासभर तिकडेच जाईल. उशिरा निघाल्यावर रिक्षाला लागणारे पैसेही आहेत.

हिशेबनीस

रिक्षाचे पैसे जादा वेळेमुळेच लागत असतील तर पगारातून वजा करा. प्रवासाचा वेळ मी वेगळा लिहितो, तो मालकाने घेतलेला नसतो. पण नोकरी निवडताना तो धरावा असं म्हणणारेही आहेत, आणि ते अगदी चूक नाहीत.

सायली कोथरूड

नवी जागा बाणेरला आहे, इथून लांबच पडेल. पाच दिवसांचा प्रवास आणि इथला सहा दिवसांचा, दोन्ही मांडून बघते. तिथे पीएफ आहे का, ते उद्या फोन करून विचारते.