अनुभव धागा: भिंतीला ओल, घरमालकाचं "बघतो" आणि कामाची तारीख

गोदाकाठची
काल खालच्या मजल्यावरच्या मुलीने मोबाईल पुढे केला, "काकू, मालकांना काय लिहू?" फोटोत पलंगामागची भिंत. खिडकीच्या कोपऱ्यातून खाली उतरलेले काळे ठिपके, सुटलेले पोपडे. आमचं डोंबिवलीचं भाड्याचं घर आठवलं. मालक पावसाळाभर "बघतो" म्हणायचे, दिवाळीला आतून रंग मारून द्यायचे आणि जुलैत तिथेच पुन्हा पोपडे. शेवटी ह्यांनी लेखी तारीख मागितली तेव्हा कुठे माणूस आला. तुमचे अनुभव लिहा, भाडेकरू असा की मालक.

चिऊताई
अगं बाई, बुरशी! माझी पैठणी त्यात गेली. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली होती, वर कपाट भिंतीला चिकटून. आता सुती पंच्यात गुंडाळते. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

बाराभाई
स्क्वेअर फुटाला काय रेट चाललाय सध्या? गच्चीचा ब्रिकबॅट कोबा उखडलाय आमचा.

गोदाकाठची
भाऊ, धागा भाडेकरूंचा आहे 😀

साईटवर_असतो
त्या मुलीला आधी विचारा, ओल वर्षभर असते की फक्त पावसात? उन्हाळ्यातही डाग ओला असेल तर पाईप किंवा वरच्यांचं बाथरूम. फक्त पावसात आणि खिडकीच्या कोपऱ्यातून, म्हणजे बहुधा बाहेरच्या प्लास्टरची भेग किंवा चौकटीभोवतीची फट. नुसती हवेतली ओल असेल तर तेही कळतं. ॲल्युमिनियम फॉईलचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा, दोन दिवसांनी काढा. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर दमट हवा, भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय.

आता तारखेचं. मालक "पावसानंतर" म्हणतो ते खोटं नाही. भेग खोदून पॉलिमर मॉर्टर भरतात, वर कोटिंग करतात. भिंत ओली असली की कोटिंग फुगून सुटतं. पण "पावसानंतर" ही तारीख नव्हे. दोन तारखा मागा. बघायला माणूस कधी येणार, ती याच आठवड्यातली. काम कधी सुरू होणार, ती पाऊस थांबून भिंत वाळायला दोन-तीन आठवडे सोडून. आतला रंग सगळ्यात शेवटी. आधी रंग मारून देतो म्हणाले तर नको म्हणा.

वकिलीण_नाही
एवढं कशाला? १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे ना. १५ दिवसांची नोटीस द्यायची, स्वतः दुरुस्ती करायची, भाड्यातून कापायची.

मुलुंडचा_मालक
ताई, ते भाडेकरूला. वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंतच कापता येतं, आणि करारात वेगळं काही ठरलं नसेल तरच. हल्ली बहुतेकांचं अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स असतं, म्हणजे कायद्याने ते भाडेकरू नव्हेत. तिथे करारात दुरुस्तीचं काय लिहिलंय ते आधी वाचा. परस्पर भाडं कापलं की भांडण डिपॉझिटवर येतं.

आणि मालकाचीही बाजू ऐका. बाहेरची भिंत सोसायटीची. परांची मी एकटा कुठून बांधू? सेक्रेटरी म्हणतात सगळ्या विंगचं एकदम करू. तारीख मला तरी कोण देतंय?

चिऊताई
मग तसंच लिहून द्या ना भाडेकरूला! सोसायटीला अर्ज दिलात त्याची पोच तरी पाठवा. आमचे मालक फोनच उचलायचे नाहीत.

पुणे_५२
आम्ही कोथरूडला असताना पाठवलेला मेसेज जपून ठेवलाय, जसाच्या तसा देतो:
"नमस्कार काका. बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला खिडकीच्या उजव्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत ओल आहे, बुरशी पलंगामागे पसरली आहे. फोटो सोबत, बाजूला पट्टी धरली आहे. आईला दमा असल्याने ती खोली बंद ठेवली आहे. रविवारपर्यंत कोणाला तरी बघायला पाठवाल का? बाहेरून वॉटरप्रूफिंग कोणत्या तारखेला सुरू होईल आणि किती दिवस चालेल, तेही कळवा. त्या दिवशी मी घरी थांबेन."
काका रविवारी स्वतः आले. कामाची तारीख मात्र दोनदा पुढे गेली.

साईटवर_असतो
पट्टी धरून फोटो, हे बेस्ट. दर आठवड्याला त्याच जागेवरून काढायचा, डाग वाढतोय ते दिसतं.

गोदाकाठची
तिला सगळं वाचून दाखवलं, फॉईल लावलीय. पण तोवर बुरशीचं काय? ती झाडूने झटकायला निघाली होती.

साईटवर_असतो
कोरडी झटकू नका, खोलीभर उडते. नाकाला मास्क, खिडकी उघडी, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसायची आणि फडकं टाकून द्यायचं. ब्लीच वापरलंत तर त्यात दुसरं काहीही मिसळू नका, व्हिनेगर तर नाहीच. पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

बाराभाई
बरं, कोब्याचा वेगळा धागा काढू का मग?

चिऊताई
काढा. आणि पैठणीवरचे पिवळे डाग कशाने जातात, तेही तिथेच विचारते.